कमी बोलणाऱ्या नवरदेवाची वचने

लग्नात नवरदेवाने सगळ्यांसमोर, स्वतः लिहिलेल्या शब्दांत नवरीला वचन द्यायचे, ही रीत मराठी घरांत अलीकडची आहे. नोंदणी विवाहानंतरचा छोटा समारंभ, आंतरधर्मीय लग्न, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठी मुलामुलींचे लग्न अशा ठिकाणी ती आधी दिसू लागली. आता विधिवत लग्नातही सप्तपदी झाल्यावर दोघांनी एकमेकांना उद्देशून काही बोलावे, असा आग्रह होतो. ज्याला चारचौघांत उभे राहून बोलणे नको वाटते, त्या नवरदेवाला मुंडावळ्या, फेटा, कॅमेरे आणि पाहुणे यांच्यापेक्षा या दोन मिनिटांचीच धास्ती अधिक असते. अशा माणसाचे वचन साठ ते नव्वद शब्दांचे असावे, त्याला ते कार्डावरून वाचता यावे आणि ते एका मिनिटाच्या आसपास संपावे. एवढ्या जागेत खरे बोलणे बसते. मात्र ते बसवण्यासाठी लिहिताना काही गोष्टी जाणून घ्याव्या लागतात.

जुन्या विधींनी वराला कधी मजकूर रचायला लावला नाही. हिंदू लग्नात गुरुजी मंत्र सांगतात आणि वर तो मागून म्हणतो. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत वधूला डावलून वागणार नाही, असे वचन वर देतो आणि त्यासाठी त्याला ‘नातिचरामि’ एवढाच शब्द उच्चारावा लागतो. सप्तपदीतही एकेका पावलाला एकच गोष्ट मागितलेली आहे: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतूंची साथ आणि शेवटी सख्य. इंग्लंडच्या चर्चचे 1549 मधले प्रार्थनापुस्तक पाहिले, तरी रचना तशीच आहे. आधी धर्मगुरू विचारतो आणि वर होकार देतो. मग धर्मगुरू वचन तुकड्यातुकड्याने सांगतो आणि वर ते पुन्हा म्हणतो. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना लग्न लावण्याची पद्धत सुरू झाली. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, एकमेकांना शब्द देतात. तिथेही मजकूर आधीपासून तयार असतो.

म्हणजे वराला तीन सोयी मिळत होत्या. शब्द तयार मिळत, ते लहान तुकड्यांत येत आणि अडखळल्यास सांगणारा शेजारी बसलेला असे. वचन स्वतः लिहायचे ठरले की या तिन्ही सोयी एकदम जातात. लाजाळू माणसाला भाषणकला शिकवण्याच्या फंदात न पडता या तीन सोयी त्याला परत मिळवून देणे, हेच असे वचन लिहिण्यातले मुख्य काम आहे.

मराठी लग्नात नवरदेवाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावणारा एक प्रकार जुना आहे, तो म्हणजे उखाणा. ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा गलका झाला की लाजाळू नवरदेवही पाठ केलेल्या दोन ओळी म्हणून सुटका करून घेतो. त्यामुळे वचन लिहायला बसल्यावर हात आपोआप यमकाकडे जातो. पण उखाणा जमलेल्या मंडळींसाठी असतो. ती हसली, टाळी पडली की त्याचे काम झाले. वचन एकाच माणसाला ऐकवायचे असते आणि त्यावर टाळी अपेक्षित नसते. ज्याला गर्दीची भीती वाटते, त्याने हा फरक पक्का धरला, तर निम्मा भार उतरतो, कारण लिहिताना डोळ्यांपुढे दोनशे पाहुणे आणायची गरज उरत नाही. यमक जुळवलेले वचन म्हणून टाळलेले बरे. ते ऐकताना लोक पुढच्या जुळणीची वाट पाहतात आणि अर्थ निसटतो.

लिहिण्याआधी शरीराचा विचार करावा लागतो. लोकांसमोर उभे राहताना छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, श्वास वरचेवर आणि उथळ होतो, हात थरथरतात आणि बोलण्याचा वेग वाढतो. ही अस्वस्थता सहसा बोलण्याच्या अगदी आधी आणि पहिल्या मिनिटात सर्वांत तीव्र असते, नंतर ओसरू लागते. दहा मिनिटे बोलणाऱ्या वक्त्याला ओसरल्यानंतरचा काळ मिळतो. एका मिनिटाचे वचन देणाऱ्याला तो मिळतच नाही. त्याचे सगळे बोलणे त्या पहिल्या, सर्वांत कठीण मिनिटात होते. म्हणून मजकूर असा हवा, की थरथरत्या शरीरालाही तो झेपेल.

यातून लिहिण्याचे काही नियम आपसूक निघतात. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, म्हणजे साधारण चार ते दहा शब्दांचे. पहिले वाक्य सर्वांत सोपे असावे आणि पहिला शब्द तिचे नाव असावे, कारण तो शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारलेला असतो की जीभ तिथे अडत नाही. कोरड्या तोंडाला जोडाक्षरे जड जातात. ‘प्रतिज्ञाबद्ध’, ‘कृतज्ञतापूर्वक’, ‘सहधर्मचारिणी’ असे शब्द कागदावर भारदस्त दिसतात आणि ओठांवर फुटतात. ज्या वाक्याला गळा दाटून येण्याची शक्यता असेल, त्याच्यामागे लगेच एक साधे, कोरडे वाक्य ठेवावे, म्हणजे आवाज सावरायला जागा मिळते. तसले वाक्य अगदी शेवटी ठेवले, तर माणूस तिथेच थांबतो आणि वचन अर्धवट राहिल्यासारखे वाटते.

लांबीचा हिशेब सोपा आहे. मराठी सावकाश वाचताना मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. पंचाहत्तर शब्दांना पाऊण मिनिट लागते आणि मध्ये श्वास, आवंढा व थोडे हसू धरले की मिनिट भरते. घाबरलेला माणूस भरभर वाचतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमीच लागतो. शब्द वाढवून काही साधत नाही. तीनशे शब्दांच्या वचनातले श्रोत्यांना आठवते ते एखाद-दुसरे वाक्यच.

मजकुराचे साहित्य शब्दकोशात किंवा शुभेच्छापत्रांत शोधू नये, ते रोजच्या वागण्यात सापडते. कमी बोलणाऱ्या माणसाचा इथे फायदाच असतो, कारण तो बरेच काही बोलण्याऐवजी करत आलेला असतो. एका कागदावर चार प्रश्न लिहून आठवडाभर सुचेल तसे टिपत जावे. आपण अडचणीत असताना तिने काय केले? तिच्यासाठी आपण न सांगता काय करतो? आपल्या कोणत्या सवयीचा तिला त्रास होतो? लग्नानंतर तिला कशाची काळजी आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वचनाची सुरुवात देते. बाकीच्या तिघांतून वचने निघतात. उत्तरे प्रसंगाच्या रूपात हवीत. ‘ती समजूतदार आहे’ ही टीप निरुपयोगी आहे, तिचा समजूतदारपणा कुठल्या दिवशी, कशातून दिसला ते हवे.

उदाहरणादाखल एक नवरदेव घेऊ. वय एकतीस, एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता. नवरी माध्यमिक शाळेत शिक्षिका, तिची आई दुसऱ्या गावी एकटी राहते. ओळख कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात झालेली. लग्न नोंदणी पद्धतीने आणि संध्याकाळी साठ माणसांचा घरगुती समारंभ. दोघांनी थोडे बोलावे, ही नवरीची इच्छा. त्याने पहिल्या रात्री लिहिलेला मजकूर दोनशे शब्दांचा झाला आणि त्याची सुरुवात अशी होती:

‘आज या शुभप्रसंगी सर्व आप्तेष्टांच्या साक्षीने मी तुला वचन देतो, की आयुष्यातील प्रत्येक सुखदुःखात मी तुझ्या पाठीशी खंबीरपणे उभा राहीन, तुझ्या डोळ्यांत कधीही अश्रू येऊ देणार नाही आणि तुझी सर्व स्वप्ने माझी मानून ती पूर्ण करीन.’

यातला भाव खोटा नाही, पण हे वाक्य वाचणाऱ्याला बुडवणारे आहे. ते छत्तीस शब्दांचे आहे, म्हणजे घाबरलेल्या माणसाला त्यात तीन-चारदा श्वास घ्यावा लागेल आणि तो नेमका चुकीच्या जागी घेतला जाईल. सुरुवात नवरीला उद्देशून नाही, पाहुण्यांना उद्देशून आहे. लग्नपत्रिकेची भाषा तिथे शिरली आहे. मुख्य दोष मात्र आणखी खोल आहे. हे वाक्य कोणत्याही नवरदेवाने कोणत्याही नवरीला म्हटले, तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही. शिवाय त्यातले एक वचन पाळताच येणार नाही. माणसाच्या डोळ्यांत पाणी येणे हे नवऱ्याच्या हातात नसते. तिची आई आजारी पडली तर ती रडेल, आणि तेव्हा तो मनात वचनभंगाचा हिशेब करत बसेल.

परिणामाचे वचन देऊ नये, कृतीचे द्यावे, हा या लेखनातला सर्वांत उपयोगी नियम आहे. ‘तुला सुखात ठेवीन’ हा परिणाम झाला, तो नशीब, पगार, प्रकृती यांवर अवलंबून असतो. ‘तुझ्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक मी बघेन’ ही कृती झाली, ती त्याच्या हातात आहे. एखादे वचन कृतीचे आहे की नाही, हे ओळखायची खूण अशी: ते पाळले गेले की नाही, हे वर्षभराने नवरीला सांगता आले पाहिजे. सगळीच वचने इतकी बारीक असावीत असे नाही, नाहीतर वचनाची वाणसामानाची यादी होते. दोन-तीन लहान, तपासता येतील अशी वचने आणि त्यांच्यामागे सगळ्या आयुष्याला लागू पडणारे एक मोठे वचन, हे प्रमाण बहुतेकांना जमते. लहान वचने आधी आल्यामुळे मोठ्या वचनावर विश्वास बसतो.

वरच्या नवरदेवाने आठवडाभर काढलेल्या टिपांमध्ये काही कामाच्या गोष्टी निघाल्या. पहिल्या भेटीत तिच्या मामा-आत्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली, त्याची बशी हातातच राहिली आणि ती म्हणाली, ‘आधी त्यांना पोहे खाऊ द्या.’ त्याला राग आला की तो भांडत नाही, गच्चीवर जाऊन बसतो आणि तासन्‌तास खाली येत नाही. काय झाले असे कुणी विचारले, की ‘काही नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर. तिला दर शनिवारी शाळा सुटल्यावर आईकडे जायचे असते आणि सासरी हे चालेल का, याची धाकधूक तिने एकदा बोलून दाखवली होती. रात्री ती वह्या तपासत बसते तेव्हा तो चहा करतो. यातली चहाची गोष्ट गोड असली, तरी त्याने ती वगळली. फोटोखालच्या मजकुरात असल्या चहाचा आता इतका सुकाळ झाला आहे की खरी असूनही ती उसनी वाटली असती.

या टिपांवरून झालेला दुसरा मसुदा नव्वद शब्दांचा होता. त्यात एक वाक्य असे होते: ‘आईकडे जायला मी तुला कधी अडवणार नाही.’ हे त्याने बहिणीला वाचून दाखवले. तिने विचारले, ‘अडवायचा हक्क तुला कोणी दिला?’ प्रश्न बरोबर होता. ‘अडवणार नाही’, ‘परवानगी देईन’, ‘नोकरी करू देईन’ अशा वाक्यांत नवरदेव नकळत मालकाच्या जागी जाऊन बसतो आणि उदारपणा दाखवतो. त्याऐवजी त्याने स्वतः काय करणार ते लिहिले. दुसरी दुरुस्तीही बहिणीचीच. ‘पैसा, आजारपण, भांडणं’ अशा क्रमात ‘भांडणं’ हा शब्द मंगलकार्यात आत्याला खटकेल, असे तिचे म्हणणे. तिथे ‘म्हातारपण’ आले आणि वाक्य सुधारले. शेवटचा मजकूर असा झाला, सुरुवातीला अर्थातच तिचे नाव:

‘…, तुमच्या घरी पहिल्यांदा आलो, तेव्हा सगळे मला प्रश्न विचारत होते.
तू म्हणालीस, आधी त्यांना पोहे खाऊ द्या.
तेव्हा मला हायसं वाटलं.
मी कमी बोलतो, तुला माहीत आहे.
पण तू काय झालं विचारलंस, तर काही नाही म्हणून टाळणार नाही.
राग आला तर गच्चीवर जाईन.
झोपायच्या आधी खाली येईन.
शनिवारी तुझ्या आईकडे जायचं असेल, तर सोबत येईन.
ड्यूटी असली, तर स्टँडवर सोडून जाईन.
पैसा, आजारपण, म्हातारपण, जे येईल ते दोघं मिळून बघू.
आजपासून मी तुझ्यासोबत आहे.’

हे पंचाहत्तर शब्द आहेत. ‘वचन देतो’ हे शब्द यात एकदाही येत नाहीत आणि त्यांची उणीव भासत नाही, कारण ‘येईन’, ‘जाईन’, ‘बघू’ ही क्रियापदेच वचनाचे काम करतात. ‘प्रयत्न करीन’ असेही कुठे नाही. तो शब्दप्रयोग नम्र वाटतो, पण वचनातून निसटायला दार ठेवतो. पोह्यांच्या प्रसंगावर लोक हसतील, आणि तेवढ्या वेळात त्याला एक श्वास मिळेल. विनोद याहून जास्त नको. लाजाळू माणसाला स्वतःच्या लाजाळूपणावर चार विनोद करून सुटायचा मोह होतो, पण हशा आला नाही तर पुढचे प्रत्येक वाक्य दुप्पट जड जाते. ‘मला बोलता येत नाही, सांभाळून घ्या’ अशी माफी तर मुळीच नको. त्याने पाहुण्यांचे लक्ष वचनावरून वक्त्यावर जाते. इथे ‘मी कमी बोलतो’ हे वाक्य आले आहे ते माफी म्हणून नव्हे, पुढच्या वचनाचे कारण म्हणून.

भाषा घरचीच असावी. जो एरवी वऱ्हाडी किंवा मालवणी ढंगाने बोलतो, त्याने लग्नापुरती पुस्तकी मराठी पांघरली, तर नवरीला तो परका वाटतो आणि त्यालाही ती पेलत नाही. मजकूर लिहून झाला की मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडते किंवा स्वतःलाच लाजल्यासारखे होते, तो शब्द बहुधा उसना असतो. काय वगळायचे, यातही घरची समज लागते. तिचे आजारपण, आधीचे मोडलेले लग्न, दोन्ही घरांतली कुरबुर या गोष्टी दोघांमध्ये कितीही मोकळ्या असल्या, तरी ध्वनिक्षेपकावर येऊ नयेत. शंका असेल तर तिला आधी विचारावे. बाकी मजकूर तिला दाखवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र लांबी आणि सूर दोघांनी आधी ठरवून घ्यावा. एकाने विनोदी आणि दुसऱ्याने गहिवरलेले बोलले, की दोघेही अवघडतात. एका विश्वासातल्या माणसाने दोन्ही मजकूर वाचलेले असले, तर हा घोटाळा टळतो.

बोलण्याचा क्रमही ठरवण्यासारखा आहे. लाजाळू नवरदेवाने आधी बोलावे. ताटकळण्याचा काळ कमी होतो, नवरीचे ऐकून गळा दाटलेला नसतो आणि दोघांच्या लांबीत फरक असला तरी लहान मजकूर आधी आल्यामुळे तो तोकडा वाटत नाही. वेळ आणि जागा याहून महत्त्वाची. मराठी लग्नात शेवटची अक्षता पडली की सनई-चौघडा वाजतो, टाळ्या होतात, निम्मी मंडळी पंगतीकडे वळतात आणि उरलेली फोटोसाठी व्यासपीठावर चढतात. त्या गलक्यात कोणतेही वचन वाया जाते आणि हळू आवाजाचे तर हमखास. सप्तपदीच्या वेळी होमाभोवती जवळचे वीस-पंचवीस लोक बसलेले असतात, गुरुजींचा आवाज थांबलेला असतो आणि दोघे एकमेकांजवळ असतात. लाजाळू माणसासाठी ती जागा चांगली. गुरुजींना मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवावे, कारण मुहूर्त, होम आणि पुढचे विधी यांचे वेळापत्रक त्यांच्या हातात असते. नोंदणी विवाहात संध्याकाळच्या जेवणाआधी, सगळे बसलेले असताना दोन मिनिटे मिळतात.

वचन पाठ करू नये, वाचावे. पाठ केलेला मजकूर घबराटीत पहिल्यांदा दगा देतो आणि एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. वाचण्यासाठी मोबाइल वापरू नये. त्याचा पडदा नेमक्या वेळी मालवतो, मध्येच कुणाचा फोन येतो आणि छायाचित्रात नवरदेव मेसेज वाचत असल्यासारखा दिसतो. पातळ कागद हाताची थरथर वाढवून दाखवतो आणि ध्वनिक्षेपकाजवळ त्याची सळसळ ऐकू येते. लग्नपत्रिकेच्या जाडीचे, तळहाताएवढे कार्ड घ्यावे. अक्षर मोठे असावे, कारण होमाच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि फेटा कपाळावर उतरलेला असतो. एका ओळीत एकच वाक्य लिहावे आणि दोन ओळींत अंतर सोडावे. ओळ संपली की श्वास घ्यायचा, एवढी एकच सूचना लक्षात ठेवायची. मजकूर तुकड्यांत मिळण्याची जुनी सोय या कार्डातून परत येते. ध्वनिक्षेपक हातात धरायचा असेल, तर तो शेजारच्या भावाकडे द्यावा. एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात माइक घेतला की नवरीचा हात धरायला हात उरत नाही, आणि धरलेला हात थरथर बऱ्यापैकी लपवतो.

सराव मोठ्याने, उभ्याने आणि एखाद्या माणसासमोर करावा. मनातल्या मनात वाचल्याने अडखळण्याच्या जागा कळत नाहीत. आठवडाभर रोज दोन-तीन वेळा एवढा सराव पंचाहत्तर शब्दांना पुरतो. त्याहून जास्त घोकले, तर आवाजात शाळेतल्या पाठांतराचा सूर येतो आणि तो जाता जात नाही. पाहायचे कुठे, हा प्रश्न अनेकांना छळतो. ओळ वाचताना कार्डाकडे, ओळ संपल्यावर तिच्याकडे, एवढे पुरे. पाहुण्यांकडे बघायची काहीच गरज नाही.

तरीही काही बिघडू शकते. सर्वांत जास्त वेळा बिघडते ते गळा दाटल्याने. अशा वेळी रेटून बोलू नये. थांबावे, तोंडातला श्वास पूर्ण बाहेर सोडावा आणि त्याच ओळीपासून पुन्हा वाचावे. श्रोत्यांना पाच सेकंदांची शांतता खटकत नाही, बोलणाऱ्यालाच ती लांब वाटते. मित्रांनी मध्येच हुल्लड केली, तर ती ओसरेपर्यंत वाचू नये. कार्ड हरवण्याची शक्यता धरून दुसरी प्रत करवलीजवळ किंवा भावाजवळ ठेवावी. आणि आवाज अजिबात फुटला नाही, तर त्या दुसऱ्या प्रतीवरून भावाने एकेक ओळ हळू सांगावी आणि नवरदेवाने ती म्हणावी. ही युक्ती कुणाला केविलवाणी वाटण्याचे कारण नाही, साऱ्या जगातली लग्ने शतकानुशतके अशीच लागत आली आहेत.

काहींना एवढेही नको असते, आणि ते मान्य करणे शहाणपणाचे. अशांसाठी दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे प्रश्नोत्तराचा. लग्न लावणाऱ्याने किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने नवरदेवाने लिहिलेलीच वचने प्रश्नाच्या रूपात विचारायची आणि त्याने प्रत्येक वेळी ‘होय’ म्हणायचे. वरचा मजकूर तीन प्रश्नांत सहज बसतो: ती विचारील तेव्हा मनातले सांगशील का, राग घेऊन झोपणार नाहीस ना, तिच्या आईला आपली मानशील का. तिसऱ्या प्रश्नात नेमकेपणा थोडा कमी होतो, पण चारचौघांत विचारायला तो बरा. दुसरा पर्याय म्हणजे वचन खासगीत देण्याचा. हळद उतरल्यावर किंवा लग्नाच्या सकाळी दहा मिनिटे काढून दोघांनी आपापले कार्ड एकमेकांना वाचून दाखवायचे किंवा नुसते हातात द्यायचे. अमेरिकेत अनेक जोडपी आता असे करतात आणि मंडपात फक्त विधीचे ठरलेले शब्द उच्चारतात. अट एकच, हा निर्णय नवरीला आधी माहीत हवा. ती स्टेजवर वाट पाहत उभी असताना नवरदेवाने मान हलवून नकार देणे हे तिला सर्वांसमोर एकटे पाडण्यासारखे आहे.

स्वतः लिहिलेल्या वचनावर लग्नाची वैधता अवलंबून नसते, हेही नवरदेवाला ठाऊक असावे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचे लग्न सातवे पाऊल टाकल्यावर पूर्ण होते. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात लग्न कोणत्याही पद्धतीने लावायची मुभा आहे. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे सांगावे लागते. हे ठरलेले बोलणे एका वाक्याचे आहे आणि दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, ते म्हणता येते.